चाकमामा आणि साठचा आकडा

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ज्यांना सगळे चाकमामा म्हणत, त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि पगारपत्रक बघायला कोण जातंय? अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते लॅब असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना 'मामा' म्हटलं. पुढे लॅबमधल्या चाकावरची त्यांची माया बघून कुठल्यातरी आणखी चावट पोराने त्याला 'चाक' जोडलं. मामांना ते नाव मनापासून आवडलं, पण आवडलं असं त्यांनी कधी दाखवलं नाही. हाक मारली की दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायचे.

चाक म्हणजे खोलीच्या खिडकीजवळ, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी घोडीवर बसवलेलं बिडाचं जाड चाक. परातीएवढं. मधून पोलादी आस आरपार गेलेला, आणि आसाला एक बारीकशी खुंटी. दोऱ्याच्या टोकाला फास करून तो खुंटीला अडकवायचा, दोरा आसाभोवती एकाशेजारी एक नीट गुंडाळायचा आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. सोडलं की वजन खाली ओढतं, दोरा आसाला फिरवतो, आणि ते जड चाक आळसावलेल्या माणसासारखं हळूहळू उठतं आणि मग वेग घेतं. वजन एक मीटर खाली येऊन गादीवर टेकलं की फास खुंटीवरून निसटतो. तेवढ्या उतराईला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं, वजन बदलायचं, पुन्हा बघायचं. वजन वाढवलं की चाकाला फिरवणारा जोर वाढतो, त्याला तिथे टॉर्क म्हणतात, आणि जितका टॉर्क जास्त तितकं चाक लवकर वेग घेतं. टॉर्क आणि कोनीय त्वरण, म्हणजे फिरण्याचा वेग वाढण्याचा दर, यांचा आलेख काढला की सरळ रेष येते, आणि त्या रेषेच्या चढावरून चाक फिरायला किती अडून बसतं ते कळतं. त्या अडून बसण्याला पुस्तकात मोमेंट ऑफ इनर्शिया असं भारदस्त नाव आहे. मामा त्याला 'चाकाचा हट्ट' म्हणत.

हे सगळं मामांना तोंडपाठ होतं. शिकलेले जेमतेम दहावी, पण अठ्ठावीस वर्षं तेच ते ऐकून भिंतीलाही पाठ झालं असतं, असं त्यांची बायको म्हणायची. बेअरिंगला तेल कधी द्यायचं ते मामा नुसत्या आवाजावरून सांगत. चाकावर धूळ दिसली की त्यांना घरच्या माणसाच्या तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटे. वजनांच्या पेटीला ते स्वतः कुलूप लावत आणि किल्ली खिशात ठेवून घरी नेत. "किल्ली लॅबमध्ये राहिली तर काय चाक उडून जाणार आहे?" असं मामी विचारायच्या. किल्ली दुसऱ्या दिवशीही मामांच्या खिशातूनच येई.

एवढं सगळं खरं. पण मामांनी तो प्रयोग स्वतः एकदाही केलेला नव्हता. गरजच पडली नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. साठ. म्हणजे कागदावर शून्य पॉइंट शून्य साठ आणि पुढे एककांची लांब शेपटी, पण लॅबमध्ये सगळे साठच म्हणत. मामांच्या आधी जे असिस्टंट होते त्यांनी निवृत्त होताना किल्ल्यांबरोबर हा आकडाही मामांच्या हवाली केला होता. त्यांना कोणी सांगितला ते त्यांनाच आठवत नव्हतं.

आणि मामा तो आकडा वाटायचे. दरवर्षी, परीक्षेच्या दिवशी, ज्याला चाकाची चिठ्ठी निघेल तो घाबरून सूत्रं पुटपुटायला लागायचा. मामा वजनं मांडायला म्हणून त्याच्याजवळ जात, खाली वाकत आणि फुंकर घातल्यासारखे बोलत, "साठ यायला हवं." बस. त्या तीन शब्दांनी पोरांच्या चेहऱ्यावर जी कळा यायची ती बघायला मामांना फार आवडे. पोरं मग साठवरून उलटी आकडेमोड करून सेकंद लिहीत, की घड्याळ बघून लिहीत, यात मामांनी कधी डोकं घातलं नाही. आपण पोरांच्या पाठीशी उभं राहतो, एवढंच त्यांना कळत होतं. कामावर लागलेली, संसाराला लागलेली मुलं रस्त्यात भेटली की म्हणत, "मामा, तुमच्या साठने वाचवलं." मामा तो सगळा दिवस खुशीत असत.

त्या वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चाकाचा दोरा संपला. नेहमीचा दोरा म्हणजे शिवणकामाच्या जाड दोऱ्यासारखा, बारीक आणि चिवट. रीळ संपलं होतं, नवीन मागवलेलं आलं नव्हतं, आणि जे वीतभर उरलं होतं त्याने कोणाचंच भागणार नव्हतं. शिवाय मागच्या वर्षी तो दोरा ऐन परीक्षेत तुटून अर्ध्या किलोचं वजन एका मुलाच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं होतं आणि मामांना ती बोच होती. ते स्वतः हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि विणलेली पांढरी दोरी घेऊन आले. चांगली दोन मिलिमीटर जाड, ओढून तुटणार नाही अशी. नीट वेटोळं करून त्यांनी ती चाकाशेजारच्या खिळ्याला टांगली आणि लांबून बघितली. पोरांचे अंगठे वाचले म्हणून ते समाधानाने घरी गेले.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी दोरी गुंडाळताना एक गोष्ट झाली. मामांच्या हाताला सवय होती सोळा वेढ्यांची. सोळा वेढे घातले की वजन गादीपासून बरोबर एक मीटरवर येतं, हे हाताला माहीत, डोक्याला विचारायची गरज नाही. त्या दिवशी मीटरची खूण साडेचौदा वेढ्यांतच आली. मामा क्षणभर थांबले, "दोरी नवी आहे, बसेल हळूहळू," असं पुटपुटले, आणि मीटरच्या खुणेवर वजन ठेवून बाजूला झाले. मागे परीक्षार्थी ताटकळत उभे होते.

परीक्षा तीन दिवस, सकाळ आणि दुपार. दर तुकडीत एकाला चाक. म्हणजे सहा जण. पहिल्या पाच जणांना मामांनी नेहमीसारखं साठ सांगितलं, आणि पाचांच्याही कागदावर साठाच्या अवतीभवतीचे आकडे उमटले. एकाने तर बरोबर साठ आणलं तर संशय येईल म्हणून साडेएकसष्ट लिहिलं. तो हुशार होता.

सहावी होती ताई. वयाने बाकीच्यांहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, म्हणून सगळेच तिला ताई म्हणायचे. दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची आणि राहून गेलेली पदवी पुरी करत होती. लेखी पेपर तिचे कधीच सुटले होते. प्रॅक्टिकल मात्र दोनदा राहिलं होतं आणि नियमाप्रमाणे ही तिसरी, शेवटची संधी. यात गेली की पदवी गेली. एका शाळेने तिला शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, ते पदवीचा कागद दाखवल्यावर. हे सगळं लॅबमधल्या भिंतींनाही माहीत होतं, कारण ताईला लपवाछपवी जमत नसे.

मामा वजनं मांडायला तिच्याजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "साठ यायला हवं."

ताईने मान वर न करता म्हटलं, "मामा, नको. पहिल्या वेळी मी उत्तर बघून सेकंद लिहिले होते. परीक्षकांनी पकडलं. सगळी रीडिंग इतकी सुबक होती की त्यांना हसू आलं. तेव्हापासून मी ठरवलंय, घड्याळ सांगेल तेच लिहायचं."

"अगं, पण घड्याळही साठच सांगेल."

"मग तर प्रश्नच मिटला."

मामांना थोडा राग आला. मदत नाकारलेली त्यांना आवडत नसे. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि उगाचच फडक्याने काच पुसत बसले. ताई दोरी गुंडाळत होती, वजन सोडत होती, घड्याळ दाबत होती. प्रत्येक वजनाला तीनदा. अर्ध्या किलोला पंधरा सेकंद, दोनशे ग्रॅमला पंचवीस-सव्वीस. दोन तासांनी तिने आलेख काढला, रेष ओढली आणि आकडा काढला. मग तिने सगळी आकडेमोड पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली. मामांना लांबूनच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण तिने पेन्सिलचं टोक चावायला सुरुवात केली होती.

तिचं उत्तर आलं होतं एकोणपन्नास.

बाहेरच्या कॉलेजमधून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कोरडा. त्यांनी ताईचा कागद घेतला आणि आधीच्या पाच कागदांशेजारी ठेवला. विभागप्रमुख सर त्यांच्या बाजूला बसले होते. मामा मागे, टेबलावरची उपकरणं आवरत होते.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे सांगा, टांगलेल्या वजनाचं जेवढं वजन, तेवढाच ताण दोरीत असतो का?"

"नाही, मॅडम. वजन खाली जाताना वेग घेतं, म्हणून ताण थोडा कमी असतो. पण इथे ते इतकं सावकाश उतरतं की फरक हजारात एखाद्या भागाचा पडतो. मी तो धरलाय."

"आणि तुमची रेष शून्यातून का जात नाही?"

"बेअरिंगमधल्या घर्षणामुळे. थोडा टॉर्क त्यातच खर्च होतो. तेवढा गेल्यावर मगच चाक वेग घेतं. रेष अक्षाला जिथे कापते तिथे तो मिळतो."

बाईंनी मान डोलावली. "समजतं तुम्हाला सगळं. मग हे काय?" त्यांनी पाच कागदांवर बोट ठेवलं. "याच चाकावर पाच जणांनी प्रयोग केला. साठ, एकोणसाठ, साडेएकसष्ट, साठ, साठ. तुमचं एकोणपन्नास. एवढा फरक हलगर्जीपणाशिवाय येत नाही. घड्याळ उशिरा दाबलं असेल, वजन हाताने ढकललं असेल. तोंडी उत्तरांनी प्रयोग पास होत नाही."

"मॅडम, मी प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलंय."

"तीनदा चुकीचं घेतलं तरी ते चुकीचंच."

ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते एकमेकांत घट्ट धरले होते. सर हळहळल्यासारखा चेहरा करून खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी पेनचं टोपण काढलं.

मामांच्या हातात तेव्हा ती पांढरी दोरी होती. चाकावरून सोडवून वेटोळं करत होते. आणि वेटोळं करता करता त्यांच्या बोटांना ते साडेचौदा वेढे आठवले. सोळाचे साडेचौदा कसे झाले? आस तोच. मीटर तोच. मग एका वेढ्यात जास्त दोरी जाते म्हणजे वेढाच मोठा झालाय. दोरी जाड आहे, तिचा मध्य आसापासून लांब पडतो, म्हणजे आस जणू जाड झालाय. आणि पोरांनी कागदावर आस धरलाय तेवढाच, एक सेंटिमीटर त्रिज्येचा, जो भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलाय.

ताई चुकली नव्हती. दोरी चुकली होती, आणि दोरी त्यांनी आणली होती.

गप्प बसणं सोपं होतं. परीक्षा चालू असताना असिस्टंटने परीक्षकांशी बोलायचं नसतं, हा नियम आहे आणि मामा नियमाचे पक्के. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. अठ्ठावीस वर्षांत चाकाबद्दल एक तक्रार नाही, हे ते येईल त्याला सांगत. आता स्वतःच्या तोंडाने सांगायचं की ऐन परीक्षेत मी चाक बिघडवलं? त्यांनी ताईकडे बघितलं. ती अजून तशीच बसली होती, आणि बाईंच्या पेनचं टोक कागदाला टेकलं होतं.

"मॅडम," मामा म्हणाले, आणि आपला आवाज इतका मोठा निघेल याची त्यांनाच कल्पना नव्हती. "जरा थांबा. दोरी बदललीये."

सर दचकून वळले. "मामा, तुम्ही मध्ये..."

"बोलू द्या," बाई म्हणाल्या. "कसली दोरी?"

मामांनी दोरी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. संपलेलं रीळ, हार्डवेअरचं दुकान, अंगठा, साडेचौदा वेढे. बाईंनी व्हर्नियर कॅलिपर मागवला आणि दोरीची जाडी मोजली. दोन मिलिमीटर. मग त्यांनी मामांना दोरी आसावर गुंडाळायला लावली आणि ताईला वजन सोडायला सांगितलं. घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं. अर्धा किलो, एक मीटर. वजन सावकाश निघालं, चाकाने वेग घेतला, आणि खाली गादीवर ठप्प आवाज झाला.

"पंधरा," बाई म्हणाल्या. त्यांनी ताईच्या कागदावर बघितलं. तिथेही पंधराच होते. मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात भराभर गणित मांडलं. आसाची त्रिज्या दहा मिलिमीटर आणि दोरीची अर्धी जाडी एक, म्हणजे अकरा. त्रिज्या टॉर्कमध्येही येते आणि त्वरण काढतानाही येते, म्हणून ती दोनदा धरायची. अकरा गुणिले अकरा, एकशे एकवीस. दहा गुणिले दहा, शंभर. एकोणपन्नासला एकशे एकवीसने गुणून शंभराने भागलं. साडेएकोणसाठला थोडं कमी.

"बरोबर आहे हिचं," बाई म्हणाल्या. "दोरीची जाडी मोजायला हवी होती, ते गुण कापीन. पण रीडिंग खरी आहेत. पास."

ताईने तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली. मामांच्याही डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा दगड उतरला, असं त्यांना वाटलं. आपण बोललो, नोकरी गेली नाही, आभाळ कोसळलं नाही, आणि पोरगी वाचली. ते फडकं शोधायला लागले.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. त्या अजून कागदांकडेच बघत होत्या. "ही दोरी पहिल्या दिवसापासून होती?"

"हो, मॅडम."

"सहाही जणांना हीच?"

"हीच."

बाईंनी पाच कागद पत्त्यांसारखे पसरले. "अर्ध्या किलोला सोळा पॉइंट चार. सोळा पॉइंट पाच. सोळा पॉइंट सहा. पुन्हा सोळा पॉइंट पाच. इथे सोळा पॉइंट तीन. या दोरीवर वजन पंधरा सेकंदांत उतरतं, आत्ता सगळ्यांनी बघितलं. मग यांना दीड सेकंद जास्त कुठून मिळाला?"

मामांचे हात फडक्यावरच थांबले. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते ताईला वाचवायला निघाले होते, आणि त्याच वाक्याने त्यांनी बाकीच्या पाचांना परीक्षकांपुढे उभं केलं होतं.

"बारीक दोऱ्यावर साडेसोळाच येतात," बाई म्हणाल्या, "साठ हे उत्तरही खरं आहे. म्हणूनच तर कळतंय. यांना खरं उत्तर आधीच कोणीतरी सांगितलं होतं. कोणी?"

सर घाईघाईने म्हणाले, "मॅडम, जुन्या जर्नल मुलांच्या हाती लागतात. तेवढं काय..."

मामांना ती पळवाट दिसली. धरली असती तर निभलंही असतं. पण ताई समोर बसली होती, आणि तिला माहीत होतं. तिने मामांकडे बघितलंही नाही. तिच्या त्या न बघण्यानेच मामांना पळवाट धरवेना.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "दरवर्षी सांगतो."

"दरवर्षी?"

"अठ्ठावीस वर्षं. पोरं घाबरलेली असतात, मॅडम. धीर यावा म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडतील असं मामांना वाटलं होतं, पण त्या चिडल्या नाहीत. "तुम्ही स्वतः कधी काढलंय ते साठ?"

"नाही."

"मग पोरांनीही नाही आणि तुम्हीही नाही. आणि जिने काढलं, तिला मी आत्ता नापास करत होते."

पाच जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवायचं ठरलं. मामांना लेखी ताकीद मिळाली, ती सरांनी खाली मान घालून टाइप केली. अठ्ठावीस वर्षांच्या सेवापुस्तकात पहिला लाल शेरा. मामांनी सही केली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. वजनांच्या पेटीची किल्ली सरांनी मागून घेतली. रिकामा खिसा त्यांना सारखा चाचपावासा वाटत होता.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "पोरीचं भलं केलंत ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या.

"आणि ते पाच?"

"त्यांचं त्यांनी खोटं लिहिलं."

"मी सांगितलं म्हणून लिहिलं."

मामींनी ताट पुढे सरकवलं आणि मामांनी ते तसंच परत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या वेळेला आले. बारीक दोऱ्याचं एक रीळ सरांनी शेजारच्या कॉलेजमधून मागवलं होतं. मामांनी चाकाला तेल दिलं, दोरा आसावर गुंडाळून बघितला, सोळा वेढे भरले. मग बाई आल्या. त्यांच्या पिशवीत काहीतरी जड होतं, टेबलावर ठेवताना खणकलं.

"मामा, आज तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. आवाज कोरडाच, पण 'मामा' म्हणाल्या.

मामा बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. दार बंद झालं. आतून पान्याचा आवाज आला, बोल्ट आवळल्याचा. मामांना तो आवाज ओळखता आला. चाकाच्या तबकडीत समोरासमोर दोन भोकं होती, कधीच कोणी वापरली नव्हती. बाई त्यांत पिशवीतले शिशाचे ठोकळे बसवत होत्या. म्हणजे चाकाचा हट्ट आता वाढला. किती, ते ठोकळ्यांच्या वजनावर आणि ते आसापासून किती लांब आहेत त्यावर. साठ आता साठ राहिलं नव्हतं. त्या चाकाचं उत्तर आज त्या खोलीबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

पाचही जण एकेक करून आले आणि बाकासमोरून गेले. पहिल्याने नमस्कार केला नाही. दुसरी मुलगी थांबली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही ताईला वाचवलंत आणि आम्हाला बुडवलंत." तिला रडू येत होतं. मामांना म्हणायचं होतं की मला माहीत नव्हतं असं होईल, पण ते म्हणून काही उपयोग नव्हता. ते नुसतेच मान हलवत राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

शेवटी तो साडेएकसष्टवाला आला. हुशार. बाकीचे आत गेल्यावर तो दाराशी रेंगाळला, मागे-पुढे बघितलं, आणि बाकाशी येऊन खाली वाकला. अगदी मामा वाकायचे तसा.

"मामा, आवाज येत होता आतून. काहीतरी बदललंय ना त्यांनी? किती यायला हवं?"

"मला माहीत नाही रे," मामा म्हणाले.

"मामा, शेवटचं. कोणाला सांगणार नाही."

"खरंच माहीत नाही. आईशप्पथ. तू घड्याळ बघ आणि येईल ते लिही. घड्याळ सांगेल."

तो सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा लाडीगोडीचा भाव गेला. "कालचा राग काढताय ना आमच्यावर," तो म्हणाला. "सरळ सांगा ना, सांगायचं नाही म्हणून. माहीत नाही कशाला म्हणता?"

तो आत गेला आणि दार लागलं. मामा अर्धवट उठले होते, ते तसेच पुन्हा बाकावर बसले. थोड्या वेळाने आतून पहिलं, नेहमीचं अर्ध्या किलोचं वजन सुटल्याचा, चाक घुमायला लागल्याचा ओळखीचा आवाज आला. साडेसोळा सेकंद झाले तरी वजन गादीवर टेकलं नव्हतं. मामा पुढचे सेकंद मोजत राहिले.